२६ × १ ३/८ टायर: इंचाचे मिलिमीटर केले तर ६६० येतात, पण ६६० चा टायर कुठेच मिळत नाही

मृण्मयी_सांगली

आईची जुनी लेडीज सायकल पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. भाची यंदा कॉलेजला जाणार आहे, तिला द्यायचीय. फ्रेम चांगली आहे, हबला ग्रीस भरून घेतलं, ब्रेकचे रबर बदलले. अडलंय ते टायरवर. मागच्या टायरच्या बाजूला भेगा पडून आतले दोरे दिसायला लागलेत, पुढचाही कडक झालाय.

मागच्या टायरवर "२६ × १ ३/८" एवढंच वाचता येतं. त्याच्या शेजारी अजून काहीतरी होतं, पण ते झिजून गेलंय. आमच्या भागातल्या दुकानदाराने "सव्वीसचा सव्वीसला बसतो" म्हणून जाडा, गट्टू असलेला टायर पुढे केला. तो बघूनच मला शंका आली, म्हणून घेतला नाही.

ऑनलाइन बघितलं तर सगळी मापं मिलिमीटरमध्ये. ४७-५५९, ४०-५८४, ३७-५९०, अशी. मी २६ ला २५.४ ने गुणलं तर ६६०.४ आले. १ ३/८ म्हणजे ३४.९. म्हणजे मला ३५-६६० असा टायर हवा ना? पण असा टायर कोणीच विकत नाही. माझं गणित चुकतंय की मी चुकीच्या ठिकाणी शोधतेय?

घाटवाट

सव्वीस म्हणजे सव्वीसच हो. पुढचा आकडा फक्त जाडीचा असतो. १ ३/८ म्हणजे १.३७५, त्याच्या जवळचा १.५० घ्या. माझ्या एमटीबीला १.९५ होता, मी १.५० टाकला, मस्त बसला. डांबरी रस्त्यावर पळतेही छान.

आरे_आणि_पाना

मृण्मयीताई, थांबा, १.५० मागवू नका. तो तुमच्या रिमवर चढणारच नाही.

तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण ६६० हे टायरचं बाहेरचं माप आहे. हवा भरलेल्या चाकाची जमिनीपासून वरपर्यंतची उंची. ऑनलाइन जे ५९०, ५८४, ५५९ दिसतात ते वेगळ्या जागेचं माप आहे. टायरच्या दोन्ही कडांमध्ये तारेचं कडं असतं, ते रिमच्या आतल्या ज्या पायरीवर जाऊन बसतं, त्या पायरीचा व्यास. टायर बसणार की नाही हे फक्त तोच आकडा ठरवतो.

तुमच्या बाबतीत एकावरून दुसरा काढता येतो. जुन्या पद्धतीत टायरची उंची त्याच्या रुंदीइतकीच धरलेली असे. म्हणजे बाहेरच्या मापातून रुंदी दोनदा वजा करायची, एकदा वरची आणि एकदा खालची:

६६०.४ − ३४.९ − ३४.९ = ५९०.६

म्हणजे ५९०. तुम्हाला हवा आहे तो ३७-५९०. आधीचा आकडा रुंदीचा. ३४.९ ऐवजी ३७ बघून बिचकू नका, १ ३/८ वर बहुतेक ३७ च छापतात.

तरी लगेच मागवू नका. मागचं चाक कधीतरी बदललेलं असू शकतं. पुढच्या टायरची बाजू ओल्या फडक्याने पुसून, टॉर्च तिरका धरून बघा. आकडा उठावाचा असतो, काळ्यावर काळा, सरळ उजेडात दिसत नाही.

घाटवाट

हे पटलं नाही. माझा १.५० बसला की! आणि तोही २६ च होता.

आरे_आणि_पाना

@घाटवाट, तुमचा बसला कारण तुमची रिम ५५९ ची आहे. दशांशात लिहिलेले सगळे सव्वीस, म्हणजे १.५०, १.७५, १.९५, २.१२५, हे ५५९ वर बसतात. एमटीबीला तेच. त्या कुटुंबात तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, पुढचा आकडा फक्त जाडीचा.

पण अपूर्णांकात लिहिलेला सव्वीस निराळा. १ ३/८ ची रिम ५९०, १ १/२ ची ५८४, १ १/४ ची ५९७. तुमचा ५५९ चा टायर ५९० च्या रिमवर चढवायचा म्हणजे तारेचं कडं व्यासात ३१ मिमी ताणायला हवं. पोलादी तार ताणत नाही. दोन-दोन पाने लावून ओढलंत तर तार वाकेल नाहीतर रिमची कड.

सुलू_मावशी

म्हणजे १ १/२ आणि १.५० हे एक नाहीत? शाळेत तर आम्ही मुलांना हे दोन्ही सारखेच म्हणून शिकवतो!

आरे_आणि_पाना

रुंदी सारखीच आहे मावशी, दोन्ही साधारण ३८ ते ४० मिमी. रिम वेगळी आहे. २६ × १ १/२ म्हणजे ४०-५८४ आणि २६ × १.५० म्हणजे ४०-५५९. व्यासात २५ मिमीचा फरक. १ ३/४ आणि १.७५ चंही तसंच, एक ५७१ आणि दुसरा ५५९. त्यामुळे टायरवर अपूर्णांक असेल तर त्याचा दशांश करून शोधायचं नाही, जसा छापलाय तसाच शोधायचा. ऑनलाइन विकणारे बऱ्याचदा स्वतःच १ ३/८ चं १.३८ करून टाकतात, तिथे मिमीचा आकडा दिलेला नसेल तर ती वस्तू सोडून द्यायची.

पाटीलकाका_कराड

आमच्या वेळी एवढं काही नव्हतं. दुकानात जायचं, बावीस का चोवीस एवढं सांगायचं. माझी बावीस इंची होती, भावाची चोवीस. मृण्मयी, तुझ्या आईची लेडीज बहुतेक वीस किंवा बावीस असणार, सव्वीस लेडीज मी तरी पाहिली नाही. एकदा नीट मोजून घे.

मृण्मयी_सांगली

काका, टायरवर २६ स्पष्ट वाचता येतंय. बाकीचं पुसलंय, पण तेवढं नक्की आहे.

आरे_आणि_पाना

काका म्हणतात तेही खरं आहे, फक्त ते फ्रेमचं माप आहे. बावीस आणि चोवीस म्हणजे सीटखालच्या नळीची उंची. काकांच्या आणि त्यांच्या भावाच्या, दोन्ही काळ्या सायकलींना चाक बहुधा अठ्ठावीसचंच असणार, २८ × १ १/२.

पाटीलकाका_कराड

बरोबर बोललास. टायर दोघांचे एकच होते, अदलाबदल करायचो. अठ्ठावीस दीड म्हणायचे दुकानात. मग त्याचं मिलिमीटर किती रे?

गणिती_किडा

काका मी करून बघतो. २८ गुणिले २५.४ म्हणजे ७११.२. दीड इंच ३८.१, दोनदा वजा. ७११.२ − ७६.२ = ६३५.० बरोब्बर! शोधलं तर ४०-६३५ असा टायर खरंच आहे.

मग अजून करून बघितले:
२६ × १ १/२: ६६०.४ − ७६.२ = ५८४.२, खरा ५८४
२६ × १ १/४: ६६०.४ − ६३.५ = ५९६.९, खरा ५९७

म्हणजे सूत्र सापडलं. आता कुठलाही टायर द्या, मी मिमी काढून देतो.

लेनवाला_पुणे

@गणिती_किडा, मग हा घ्या. माझ्याकडे जुनी गिअरची रेसर आहे, टायर २७ × १ १/४. काढा.

गणिती_किडा

६८५.८ − ६३.५ = ६२२.३. म्हणजे ६२२. आणि ६२२ तर आजच्या ७००सी चा आकडा. म्हणजे तुम्हाला टायर सगळीकडे मिळतील. छान की!

लेनवाला_पुणे

नाही ना मिळत. माझ्या टायरवर ३२-६३० असं स्वच्छ छापलंय. ७००सी चा टायर लावून बघितला, रिमवर चढत नाही. तुमचं सूत्र इथे आठ मिमीने चुकतं.

आरे_आणि_पाना

लेनवाला म्हणतात तेच बरोबर. २७ × १ १/४ हा ६३० आहे, आणि हा सगळ्यात धोक्याचा, कारण हिशोब नेमका दुसऱ्या खऱ्याखुऱ्या मापावर जाऊन पडतो. लेनवालांच्या बाबतीत निदान टायर चढलाच नाही, म्हणजे चूक लगेच कळली. उलट झालं असतं तर वाईट. ६२२ च्या रिमवर ६३० चा टायर हाताने सहज चढतो, पाना लागतच नाही. माणूस खूश होतो. मग हवा भरताना एका बाजूने कड रिमबाहेर सरकते, ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते आणि फुटते. कधी दुकानात फुटते, कधी उतारावर.

म्हणून कुणाचंही चाक असो, टायर फार सहज चढला तर हवा भरण्याआधी थांबून आकडा तपासा.

गणिती_किडा

मग सूत्र कुठे चालतं आणि कुठे नाही हे कसं ओळखायचं?

आरे_आणि_पाना

नावातली रुंदी आणि ती रिम ज्या टायरसाठी मुळात बनली त्याची रुंदी एकच असेल तर चालतं. ५५९ ची रिम घ्या. २६ × २.० धरून हिशोब केला तर ६६०.४ − १०१.६ = ५५८.८, बरोबर ५५९ येतो. पण त्याच रिमवर १.५० चा टायर घातला की चाक बुटकं होतं, खरं तर सव्वीस इंच राहतच नाही, तरी नावात २६ तसाच ठेवतात. २.१२५ घातला तर मोठं होतं, तरी २६. रिम तीच राहिली, रुंदी बदलत गेली, नाव मात्र जुनंच चालू राहिलं.

त्यामुळे हिशोबाने अंदाज बांधा, खात्री मात्र टायरवर छापलेल्या आकड्याने किंवा रिम मोजून करा.

गणिती_किडा

आलं लक्षात. २९ × २.० चा हिशोब केला तर ६३५ येतो, पण २.२५ धरला तर ६२२.३. आणि २७.५ × २.२५ चा ५८४.२. म्हणजे २९ ची रिम आणि ७००सी एकच? आणि २७.५ म्हणजे जुना २६ × १ १/२ च??

आरे_आणि_पाना

हो, दोन्ही बरोबर. २९ म्हणजे ६२२, २७.५ म्हणजे ५८४. फ्रेंच लोक ५८४ ला ६५०बी म्हणत आलेत, तीच रिम जाड टायर घालून एमटीबीत आली. फ्रेंच पद्धतीत मृण्मयीताईंचा ५९० म्हणजे ६५०ए.

बाबांची_चाकं

धागा सायकलचा आहे पण विचारते. बाबांच्या व्हीलचेअरच्या मागच्या चाकावर २४ × १ ३/८ लिहिलंय. सायकलच्या दुकानात २४ चा टायर मागितला तर त्यांनी मुलांच्या सायकलचा २४ × १.७५ दाखवला. वर वाचून आता भीती वाटतेय. सूत्राने ६०९.६ − ६९.८ = ५३९.८ आला. हे धरून मागवू का?

आरे_आणि_पाना

तुमचा ५४० असण्याची शक्यता खूप आहे, व्हीलचेअरला ३७-५४० नेहमीचा. मुलांच्या सायकलचा २४ × १.७५ म्हणजे ५०७, तो चढणार नाही. पण २४ × १ ३/८ याच नावाने ५४७ चाही एक टायर आहे. सात मिमीचा फरक, म्हणजे बाबांच्या चाकावर ढिला बसेल असा. तेव्हा विकणाऱ्याला "३७-५४० च हवा" असं आकड्यानिशी सांगा आणि हातात आल्यावर बाजूला छापलेलं वाचूनच पैसे द्या. जुन्या टायरवर आकडा दिसत असेल तर उत्तमच.

बाबांची_चाकं

पुसून बघितलं, ३७-५४० आहे. आभार!

मृण्मयी_सांगली

सगळ्यांचे आभार. पुढचं चाक पुसलं. ३७-५ एवढं दिसतंय, पुढचे दोन आकडे डायनॅमो घासून घासून गेलेत. मागच्यावर काहीच नाही. म्हणजे रिम मोजायला लागणार. कशी मोजू? टायर काढला आहे. घरी शिवणाची फीत आणि लोखंडी पट्टी आहे.

घाटवाट

सोपं आहे, पट्टी रिमवर मधून आडवी धरा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी आत्ताच माझी मोजली, ५७१ आली. म्हणजे @आरे_आणि_पाना, माझी ५५९ नाहीये! तुम्ही वर ५७१ हेही एक माप आहे म्हणालात. म्हणजे माझ्या सायकलला १ ३/४ चा टायर लागेल?

आरे_आणि_पाना

घाटवाट, नाही, तुमची ५५९ च आहे. तुम्ही बाहेरच्या कडेवरून मोजलंत. टायर त्या कडेवर नाही बसत, तिच्या आत साधारण सहा मिमी खाली बसतो. दोन्ही बाजूंचे मिळून बारा. ५७१ − १२ = ५५९. नेमका दुसरा खरा आकडा आला हा योगायोग. तुमच्या टायरच्या बाजूला बघा, ५५९ छापलेलं असेल.

मृण्मयीताई, तुम्ही व्यास मोजूच नका. मधे हब येतं, पट्टी नेमकी मध्यातून गेली की नाही कळत नाही, आणि आपल्याला ५८४, ५९० आणि ५९७ यांत निवडायचंय. तिथे पट्टीची पाच मिमीची चूक महाग पडेल. घेर मोजा. घेरात तोच फरक तिपटीने मोठा दिसतो.

शिवणाची फीत नको, ती रुंद असते आणि ताणते. बारीक, न ताणणारी तार घ्या, बांधकामावर वापरतात तसली. रिमची पट्टी, म्हणजे स्पोकच्या डोक्यांवरची रबराची किंवा कापडाची, ती काढून ठेवा. आता रिममध्ये नीट बघा. मधोमध खोलगट नाली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना, कडेला लागून, अरुंद पायरी आहे. तार त्या पायरीवर, कडेला चिकटून फिरवायची. मधल्या नालीत घसरू द्यायची नाही, नाहीतर माप कमी येईल. एका फेऱ्यात जिथे तार तारेला भेटते तिथे खूण करा, काढून सरळ करा आणि लोखंडी पट्टीने मोजा.

५८४ असेल तर घेर सुमारे १८३५ मिमी, ५९० असेल तर १८५३, ५९७ असेल तर १८७५. यात दोघांमध्ये दीड-दोन सेंटिमीटरचं अंतर आहे, गोंधळ होणार नाही. तारेच्या जाडीमुळे दोन-तीन मिमी जास्त येतील, ते सोडून द्या.

गणिती_किडा

म्हणजे घेर भागिले ३.१४१६. आवडलं.

लेनवाला_पुणे

रिमवरची तार घसरतेच, एकट्याने जमत नाही. त्यापेक्षा जुना टायर दुमडून मोजा. दोन्ही कडा एकमेकींवर आणून टायर चपटा करायचा, कडेची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायची आणि दुप्पट करायची. तोच घेर. मी तसंच केलं होतं, ६३० बरोबर निघालं.

आरे_आणि_पाना

तेही चालतं, पण दुमडलेल्या टोकांना वळण येतं, तिथे पाच-सात मिमी इकडेतिकडे होतात. ६२२ की ६३५ असा प्रश्न असेल तर पुरतं. ५८४ की ५९० ला मी रिमवरच विश्वास ठेवेन. तार घसरत असेल तर सुरुवातीचं टोक चिकटपट्टीने पायरीवर चिकटवा, पुढे दर हातभर अंतरावर एक तुकडा लावत जा.

टोकियोतला_केदार

मी तीन-चार दिवस हा धागा वाचतोय, राहवलं नाही. इथे जपानमध्ये आई मुलांना मागे बसवून नेतात त्या साध्या सायकलींना, मामाचारी म्हणतात, हाच २६ × १ ३/८ लागतो. इथे तो अजिबात जुना झालेला नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. आणि टायरवर ३७-५९० च्या जोडीला डब्ल्यू/ओ असं छापलेलं असतं. एमटीबीच्या दशांशवाल्या सव्वीसवर एच/ई. त्यामुळे दुकानदार आधी तेच विचारतो, सव्वीस कुठला.

लेनवाला, इथे २७ × १ ३/८ पण असतो, तो ३७-६३०. तुमच्या ६३० च्या रिमवर कडा बसतील, फक्त टायर जाड आहे, फ्रेम आणि ब्रेकमधून जागा मिळते का ते बघायला लागेल.

लेनवाला_पुणे

ब्रेकमध्ये अडेल असं वाटतं, रेसरची जागा फार अरुंद आहे. तरी माहिती कामाची आहे, निदान ६३० चा शोध घ्यायला एक ठिकाण कळलं.

फिटर_नागपूर

मी सायकल दुरुस्तीचं काम करतो. एवढं डोकं कशाला चालवता? ५९० ची रिमच काढा आणि ५५९ ची चाकं टाका. टायर कुठेही मिळेल, पुढच्या वीस वर्षांची काळजी मिटली. माझ्याकडे येतात त्यांना मी हेच सांगतो.

आरे_आणि_पाना

टायर मिळायला सोपं होईल हे मान्य. पण ब्रेकचं काय? ५९० वरून ५५९ वर आलं की रिमची कड मध्याकडे साडेपंधरा मिमी सरकते. रॉड ब्रेक असेल तर रबर रिमला आतल्या बाजूने वर येऊन लागतं, ते एवढं खाली कसं आणणार? साध्या कॅलिपरलाही सहसा एवढी लांबी नसते.

फिटर_नागपूर

रॉडला अवघड आहे, बरोबर. कॅलिपर असेल तर लांब हाताचे मिळतात, मी बसवलेत. हबवर ब्रेक असेल तर प्रश्नच नाही.

मृण्मयी_सांगली

रॉड ब्रेक आहेत. आणि चाकं बदलायची नाहीत, रिम अजून सरळ आहे, गंजही वरवरचा आहे.

तार फिरवली. एकटीने जमेना म्हणून भाचीने चिकटपट्टी लावली आणि मी तार ओढत गेले. मागच्या रिमचा घेर १८५६ मिमी. पुढच्याचा १८५५. गणिती_किडा, भागून द्या.

गणिती_किडा

१८५६ / ३.१४१६ = ५९०.८
१८५५ / ३.१४१६ = ५९०.५

तारेची जाडी सोडली तर ५९०! दोन्ही चाकं तीच.

आरे_आणि_पाना

झालं. ३७-५९०, दोन टायर. नावात २६ × १ ३/८. "२६टी", "२६ सर्व सायकलींना" असं लिहिलेलं काही घेऊ नका. आणि २६ × १ ३/८ च्या नावाखाली फोटोत गट्टूवाला टायर दिसला तर विकणाऱ्याकडून बाजूच्या आकड्याचा फोटो मागवा.

सुलू_मावशी

आणि ट्यूब? ती पण ५९० चीच बघायची का?

घाटवाट

ट्यूबला काही फरक पडत नाही, रबरच आहे, ताणतं. कुठलीही सव्वीसची टाका.

आरे_आणि_पाना

घाटवाट इथे बऱ्यापैकी बरोबर आहेत. ट्यूबला तारेचं कडं नसतं, त्यामुळे ५५९ की ५९० याने अडत नाही. रुंदी मात्र बघा. २.१२५ पर्यंतची जाडी ट्यूब ३७ च्या टायरमध्ये मावत नाही, आत घडी पडते आणि घडीवर ती कातरते. खोक्यावर १ ३/८ लिहिलेली मिळाली तर तीच घ्या.

फिटर_नागपूर

जाडी ट्यूब पावडर लावून बसवली की चालते, मी शेकडो बसवल्या असतील. घडी पडली तर बसवणाऱ्याची चूक.

आरे_आणि_पाना

तुमचा हात बसलाय म्हणून चालते. घरी पहिल्यांदा बसवणाऱ्याला मी नाही सांगणार.

मृण्मयी_सांगली

दोन टायर मागवले होते, आज आले. दोन्हीवर ३७-५९० छापलंय, वाचूनच घेतले. ट्यूब १ ३/८ चीच मिळाली. मागचा बसवताना शेवटचा वीतभर भाग घट्ट आला, पाना न वापरता अंगठ्यांनी ढकलत आणला. हवा थोडी भरली तर एका ठिकाणी टायर आत दबल्यासारखा दिसतोय. बाजूला कडेजवळ जी बारीक रेघ आहे ती सगळीकडे रिमच्या वर सारखी दिसते, तिथे मात्र गायब होते. माप चुकलं का?

आरे_आणि_पाना

माप बरोबर आहे. अंगठ्यांनी घट्ट आला म्हणजे कडं योग्य आहे. तेवढ्या भागात कड नालीतच राहिलीय, पायरीवर चढलेली नाही. सगळी हवा सोडा, तो भाग दोन्ही हातांनी आतबाहेर हलवा, कडेला साबणाचं पाणी लावा, ट्यूब कडेखाली चिमटलेली नाही ना ते बघा. मग हळूहळू भरा. ती रेघ पूर्ण गोल फिरताना रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. तोपर्यंत पूर्ण हवा भरू नका.

मृण्मयी_सांगली

साबणाने काम झालं, टक् असा आवाज होऊन रेघ वर आली. पुढचा उद्या.

पाटीलकाका_कराड

अरे पण माझ्या अठ्ठावीस दीडचं राहिलंच. ती सायकल अजून माळ्यावर आहे. ४०-६३५ आजकाल मिळतो का कुठे? लेनवाला, पुण्यात विचारून सांगशील का?

लेनवाला_पुणे

काका, ६३५ ला अडचण येऊ नये, दूधवाले आणि माल वाहणारे अजून त्याच सायकली चालवतात. दुकानात "अठ्ठावीस दीड" सांगा, पण घेताना बाजूला ६३५ वाचा. पुण्यातलं रविवारी विचारून इथेच लिहितो.